तांब्या उजव्या हातात होता

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. तो बायकोमुलांना घेऊन केनियात सफारीला गेला होता आणि वाटेत नान्युकी नावाच्या गावी थांबला होता. तिथून विषुववृत्त जातं. रस्त्याच्या कडेला मोठी पाटी, पाटीपुढे फोटो काढणारे लोक, आणि एक माणूस हातात भोक पाडलेलं भांडं घेऊन उभा. पाटीच्या उत्तरेला वीसेक पावलं चालून तो भांड्यात पाणी ओततो, वर दोन काड्या टाकतो, भोकावरचं बोट काढतो. काड्या घड्याळाच्या उलट फिरतात. मग सगळी मंडळी त्याच्या मागून पाटीच्या दक्षिणेला जातात, तिथे काड्या प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात. शेवटी बरोब्बर रेषेवर. तिथे पाणी सरळ खाली. टाळ्या, आणि एका लहान मुलीचा आवाज, 'बाबा, परत!' खाली विद्यार्थ्याने लिहिलं होतं, 'सर, तुम्ही आठवीला दाखवलेला प्रयोग! आज प्रत्यक्ष बघितला.'

मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला. पहिल्यांदा कौतुकाने, नंतर नंतर फक्त त्या माणसाचा हात बघायला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. 'उत्तर गोलार्धात वारे मूळ दिशेच्या उजवीकडे वळतात, दक्षिण गोलार्धात डावीकडे' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आजही झोपेत उठवलं तर तेच तोंडातून येईल. वारा दिसत नाही, म्हणून पोरांना काहीतरी दिसावं अशी माझी धडपड असायची. त्यासाठी मी एक पांढरं प्लॅस्टिकचं घमेलं आणलं होतं. तापवलेल्या खिळ्याने त्याला मधोमध भोक पाडलं होतं. कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक काळा काठ राहिला होता. खालून डाव्या हाताचं बोट लावायचं, उजव्या हाताने तांब्याने पाणी ओतायचं, वर खडूचा भुगा भुरभुरायचा आणि बोट काढायचं. खडूची पांढरी रेघ हळूहळू वाकायची, गोल व्हायची, आणि मग भोकावर तो छोटासा भोवरा, गळ्यातून निघावा तसा घुर्र आवाज करत. घड्याळाच्या उलट. दर वर्षी, दर तुकडीत. मी म्हणायचो, 'बघा, पृथ्वी फिरतेय ती इथे दिसतेय.' त्या वेळी वर्गात जी शांतता व्हायची ती मला परीक्षेच्या निकालापेक्षा प्रिय होती. हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. ही भर माझीच. कॉलेजात कुणाकडून तरी ऐकलेली, स्वतः करून पाहिलेली, म्हणून खरी.

निवृत्तीनंतर माणसाला वेळ असतो आणि जुन्या गोष्टींचा हिशेब करायची खोड लागते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना असं वळवणारं कोरिऑलिस बल खोटं नाही, हे आधीच सांगतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ कोकणात आलं तेव्हाचे उपग्रहाचे फोटो आठवा. ढगांची ती गुंडाळी घड्याळाच्या उलटच होती, आणि ती तशीच असणार होती. पण तिथे हवा शेकडो किलोमीटरवरून येते, दिवसचे दिवस वाहत राहते. तेवढ्या वेळात पृथ्वी तिच्याखालून चांगली वळून जाते. माझं घमेलं हाताच्या पंजाच्या दोन-अडीच पट आणि मिनिटभरात रिकामं. एके दिवशी पेन घेऊन बसलो. ध्रुवावर उभं राहिलं तर पायाखालची जमीन साधारण २४ तासांत स्वतःभोवती एक फेरा घेते. जसजसं विषुववृत्ताकडे यावं तसतसा तो फेरा लांबतो. साताऱ्यात तो जवळजवळ ७९ तासांचा होतो, म्हणजे तीन दिवस आणि वर सात तास. म्हणजे घमेल्यातलं अगदी निपचित पडलेलं पाणीसुद्धा 'फिरतंय' ते या गतीने. भोकापासून २० सेंटिमीटरवर असलेल्या थेंबाला या फिरण्यामुळे एक मिलिमीटर सरकायला पावणेचार मिनिटं लागतात. आणि तांब्यातून पडणारी धार त्याच थेंबाला सेकंदाला सेंटिमीटरभर तरी ढकलून जाते. दोन हजार पटींहून जास्त. जत्रेतल्या ढोलासमोर कुणीतरी कानात कुजबुजावं तसं हे.

आणि नान्युकीचं गणित तर विचारूच नका. रेषेपासून २० मीटरवर जमिनीचा तो एक फेरा पूर्ण व्हायला साडेआठशे वर्षांहून अधिक लागतात. आज भांडं ठेवलं तर पाणी एकदा फिरेपर्यंत तीसेक पिढ्या जातील. तरी काड्या फिरत होत्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या, अगदी हुकमी. मग मी हात बघितला. उत्तरेला तो माणूस भांड्याच्या एका कडेला धार सोडत होता, दक्षिणेला दुसऱ्या. रेषेवर तो मधोमध ओतत होता आणि ओतल्यावर दोन वाक्यं जास्त बोलत होता. तेवढ्यात पाणी बरंच शांत व्हायचं. अगदी सफाईचं काम. मला त्याचा राग आला नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि त्याला बहुधा ठाऊक असावं तो काय करतोय ते.

मला ठाऊक नव्हतं, एवढाच फरक.

घमेल्यासमोर उभं राहा. तांब्या उजव्या हातात. हात साहजिकच घमेल्याच्या उजव्या कडेवर येतो, आणि तांब्या कलला की धार आपल्यापासून लांब, पुढच्या दिशेला पडते. उजव्या कडेने पुढे ढकललेलं पाणी समोरच्या काठावरून डावीकडे वळतं आणि डाव्या कडेने आपल्याकडे परत येतं. वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. तीस वर्षं मी पोरांना पृथ्वीचं फिरणं म्हणून माझ्या उजव्या हाताचं वळण दाखवत होतो.

इथे भोकाचा खरा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण माझी गफलत तिथेच होती. मला वाटायचं की भोक पाण्याला फिरवतं, आणि कुठे फिरवायचं ते पृथ्वी ठरवते. भोक काहीच ठरवत नाही. ते पाण्यात आधीच असलेलं वळण गोळा करतं आणि मोठं करून दाखवतं. दोन्ही हात पसरून गिरकी घेताना हात छातीशी ओढले की गिरकीचा वेग वाढतो, तसं. काठावरचं पाणी भोकाकडे येताना मध्यापासूनचं अंतर दहापट कमी झालं, तर त्याचं फिरणं शंभरपट वाढतं. अंतर शंभरपट कमी झालं तर दहा हजारपट. म्हणून डोळ्यांना ठार शांत दिसणाऱ्या बेसिनमध्येही शेवटी भोवरा होतो. वळण आधीपासून होतं, दिसत नव्हतं इतकंच. ते तोटीने दिलेलं असेल, हात धुताना बोटांनी दिलेलं असेल, बूच उपटताना मनगटाने दिलेलं असेल. पृथ्वीचंही असतंच त्यात, पण या गर्दीत ते ओळखू येणार कसं?

बेसिनचा आकार आणखी एक घोटाळा करतो. आमच्या घरातल्या बेसिनमध्ये पाणी कायम प्रदक्षिणेच्या दिशेने फिरायचं. वीस दिवस मी रोज सकाळी दाढीच्या वेळी कॅलेंडरवर खूण करत गेलो, वीसच्या वीस वेळा तेच. एखाद्याला वाटेल, इतकं नेमाने होतंय म्हणजे यामागे काहीतरी मोठं असणार. पण नीट बघितलं तर भोक मधोमध नाही, भिंतीकडे बोटभर सरकलेलं आहे. बेसिनचा उतार एका अंगाला जास्त आहे. आणि तोटी किंचित डावीकडे कललेली. धार रोज त्याच जागी पडते, त्याच उतारावरून त्याच बाजूने वळते. मार्चमध्ये तोटी गळायला लागली म्हणून प्लंबरने नवी बसवली, ती उजवीकडे कलली. त्या दिवसापासून आमच्या घरातलं पाणी घड्याळाच्या उलट फिरतं. घर उत्तर गोलार्धात आधीही होतं. पाणी नेमाने एकाच दिशेला फिरतं ही बेसिनची साक्ष असते, आणि मी ती पृथ्वीच्या नावावर लिहीत आलो होतो. कमोडच्या फ्लशचं तर बोलायलाच नको, तिथे काठाखालची भोकंच तिरकी असतात.

मग हे बल छोट्या भांड्यात कधीच दिसत नाही का? हा प्रश्न मला सोडेना, आणि त्याच्या मागे जाताना मला अॅशर शापिरो भेटला. अमेरिकेत एमआयटीमध्ये द्रवगतिशास्त्र शिकवणारा इंजिनियर. १९६२ मध्ये त्याने हा प्रयोग केला आणि 'नेचर'मध्ये छापला. त्याची टाकी सहा फूट व्यासाची, गोल, सपाट तळाची. पाणी सहा इंच. मधोमध भोक, फक्त तीन अष्टमांश इंचाचं, म्हणजे करंगळीच्या टोकाएवढं. पण मला भावली ती त्याची सावधगिरी. बूच वरून उपटलं तर पाणी ढवळणार, म्हणून भोकाला खालून वीस फुटांची नळी लावली आणि बूच नळीच्या टोकाला, टाकीपासून लांब. हवेची झुळूक लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकचं आच्छादन. एका बाजूला पाणी तापलं तर आतल्या आत प्रवाह सुरू होतात, म्हणून खोलीचं तापमान सारखं. आणि सगळ्यात भारी म्हणजे, टाकी भरताना त्याने पाणी मुद्दाम प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवत भरलं. पृथ्वीच्या विरुद्ध! म्हणजे शेवटी भोवरा उलटा आला तर ते भरण्यातलं उरलेलं वळण आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. मी माझ्या तांब्याने नकळत पृथ्वीला साथ देत होतो, या माणसाने जाणूनबुजून तिच्या वाटेत अडथळा ठेवला.

भरून तास-दोन तासांत पाणी सोडलं, तर भोवरा भरलेल्या दिशेनेच, म्हणजे 'चुकीचा'. २४ तास थांबून सोडलं, की घड्याळाच्या उलट. चोवीसच तास का, याचा ढोबळ हिशेब मी नंतर मांडून पाहिला. पाण्याला थांबवतो तो तळ. तळाला चिकटलेला थर हलत नाही, तो वरच्या थराला धरतो, तो त्याच्या वरच्याला, आणि ही खबर सहा इंच वर पोचायला तास लागतात. साधारण दर अडीच तासांनी उरलेलं फिरणं एक तृतीयांशाच्या आसपास येतं. सुरुवातीला पाणी मिनिटाला एक फेरा घेत असेल, तर दोन तासांनी ते अजून पृथ्वीच्या हजारपट जोरात असतं. एकोणीस-वीस तासांच्या सुमारास दोघं बरोबरीला येतात. चोवीस तासांनी पृथ्वी वरचढ. आपण हात धुवून पाणी सोडतो ते किती वेळ थांबून? दहा सेकंद?

टाकी रिकामी व्हायला सुमारे वीस मिनिटं लागायची. भोकाच्या वर लाकडाच्या दोन बारीक काड्यांची एक फुली तरंगत ठेवली होती. पहिली बारा-पंधरा मिनिटं ती फुली जागची हलायची नाही. हे वाचताना मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. पंधरा मिनिटं एका फुलीकडे बघत बसायचं आणि काही घडत नाही! कारण सुरुवातीला भोकात जातं ते जवळचं पाणी, त्याचं फिरणं फारसं वाढायला वावच नसतो. काठावरचं पाणी लांबून येतं, ते शेवटी पोचतं, आणि वाढलेलं वळण तेच घेऊन येतं. मग फुली हलते, घड्याळाच्या उलट, आधी शंका यावी इतकी हळू, आणि अखेरीस तीन-चार सेकंदांत एक फेरा. हा आकडा आपण घरी पडताळू शकतो, आणि मी पडताळला तेव्हा खरोखर अंगावर काटा आला. टाकीची त्रिज्या ३६ इंच, भोकाची तीन सोळांश. गुणोत्तर १९२. त्याचा वर्ग ३६,८६४. त्या अक्षांशावर, ४२ अंशांवर, जमिनीचा एक फेरा साडेपस्तीस तासांचा, म्हणजे सुमारे १,२८,००० सेकंद. भागा. साडेतीन सेकंद. तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, सिडनीत पाच संशोधकांनी तशाच टाकीत हाच प्रयोग केला. अठरा तास किंवा त्याहून जास्त थांबून पाणी सोडलं, तेव्हा ते प्रदक्षिणेच्या दिशेने फिरलं.

हे वाचून गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. बाजारातून काळा टब आणला, त्रिज्या तीस सेंटिमीटर. प्लंबरला तळाच्या मधोमध सेंटिमीटरभर तोंडाची नळी बसवायला सांगितली. तो म्हणाला, 'सर, कडेला बसवा, सगळं पाणी निघंल.' त्याला पटवायला वेळ लागला. टब मागच्या खोलीत विटांवर ठेवला, पाणपातळीने तळ सपाट केला, नळीच्या टोकाला चिमटा. शापिरोसारखं प्रदक्षिणेच्या दिशेने पाणी भरलं, वर प्लॅस्टिक, पंखा बंद, खिडक्या बंद. बायको दारातून म्हणाली, 'अहो, त्या खोलीत माझं धान्य आहे, किती दिवस सोवळं पाळायचं?' चार दिवस, मी म्हणालो. झाले अकरा.

पहिल्या खेपेला दोन तासांनी चिमटा काढला. प्रदक्षिणा. अपेक्षितच. दुसऱ्या खेपेला चोवीस तास थांबलो, पण प्लॅस्टिक उचलताना त्याच्या खाली जमलेले थेंब टपटप पाण्यात पडले, आणि फुली पुन्हा प्रदक्षिणेलाच लागली. तिसऱ्या खेपेला प्लॅस्टिकला आधीच एक भोक ठेवून वरून फुली दिसेल अशी सोय केली. आठ मिनिटं काही नाही. घड्याळाची टिकटिक, बाहेर शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचा आवाज, गुडघ्याला कळ. मग फुलीचं एक टोक, ज्याला मी कुंकवाचा ठिपका लावला होता, ते हलल्यासारखं वाटलं. घड्याळाच्या उलट. पाणी संपेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा झाला. मी कुणाला हाक मारली नाही. बराच वेळ त्या ओल्या तळाकडे बघत बसलो. मन म्हणत होतं, झालं, आता इथेच थांब.

हेच मन वर्गातही होतं, हे तेव्हा ओळखलं. चौथी खेप घेतली. फुली प्रदक्षिणेला लागली. दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येत होतं, त्यानेही असेल. शिवाय गणित मांडलं तर माझ्या टबची मुळातच ऐपत कमी. गुणोत्तर ६०, वर्ग ३,६००. साताऱ्याचे ७९ तास त्याने भागले, तर सगळं मनासारखं जमूनही अखेरीस एक फेरा ऐंशी सेकंदांत. शापिरोचे साडेतीन. एवढ्या मंद गोष्टीला भिंतीचं ऊनही भारी पडतं. अर्ध्या फेऱ्याचं ते यश कुठल्या खात्यात घालू ते मला अजून कळलेलं नाही. टब आता बायकोने कुंडीसारखा वापरायला घेतलाय. मधली नळी पाणी निचरायला उत्तम आहे म्हणाली.

पण मला टोचणारी गोष्ट टबची नाही. एका वर्षी आठवीत एक डावखुरी मुलगी होती, खिडकीकडच्या रांगेत दुसऱ्या बाकावर. प्रयोग झाल्यावर ती म्हणाली, 'सर, मी करू?' तिने डाव्या हातात तांब्या घेतला. डाव्या कडेने धार, पुढे, उजवीकडे वळून परत. खडूची रेघ प्रदक्षिणेच्या दिशेने वाकली. वर्ग हसला. मी म्हणालो, 'हात हलला तुझा.' तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तांब्या तिच्या हातातून घेतला, 'असं धरायचं' म्हणत उजव्या हाताने ओतून दाखवलं, आणि भोवरा सरळ झाला. म्हणजे माझ्या मते सरळ. ती जागेवर जाऊन बसली. तिने खाली घातलेली मान मला आठवते, आणि तिच्या वहीत तिने काय लिहिलं असेल तेही आता आठवावंसं वाटतं, पण मी ते कधी पाहिलंच नाही. त्या दिवशी वर्गात एकमेव खरा प्रयोग तिने केला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा तिचं उत्तर सारखं आलं होतं.

नान्युकीच्या व्हिडिओला काय उत्तर द्यायचं ते मला आठवडाभर सुचलं नाही. पोरांना घेऊन फिरायला गेलेल्या माणसाला सहलीच्या मधेच साडेआठशे वर्षांचं गणित कशाला सांगायचं? पण 'वा, छान' एवढंच लिहून पाठवणंही होईना. शेवटी लिहिलं, 'परत आलास की घरी ये, त्या माणसाचा हात तुला दाखवायचाय. आणि तुमच्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती, खिडकीजवळ बसायची. तिचा नंबर कुणाकडे आहे का?'

रात्री उत्तर आलं. 'ग्रुपवर विचारतो सर.' त्याखाली हत्तीच्या कळपाचे सात फोटो.